पेटी ओढायची दोरी किती तिरकी धरावी? (बल, घर्षण आणि कोन : एक प्रयोग-पाठ)



आजचा पाठ माझ्या एका चुकीतून तयार झालाय. ती आधी सांगते.

आमच्या शाळेत वाचनालयाच्या पुस्तकांची एक जुनी लाकडी पेटी आहे. पावसाळ्यात व्हरांड्यात पाणी येतं म्हणून ती आत वर्गात घ्यायची होती. पेटीला पुढच्या बाजूला, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, लोखंडी कडी आहे. मुलांनी कडीत एक आखूड दोरी ओवली आणि उभं राहून ओढायला लागली. पेटी जागची हलेना. मी बाईंच्या आवाजात सांगितलं, "अरे, दोरी एवढी वर काय ओढताय? वर ओढलेला जोर वाया जातो. खाली वाका, दोरी जमिनीला समांतर धरा, सगळा जोर पुढे लागेल." मुलं वाकली. पेटी थोडी सरकली, पण मुलांचेच पाय फरशीवरून घसरायला लागले.

तेवढ्यात एका मुलीने आखूड दोरीला दुसरी दोरी जोडली, चार पावलं लांब गेली आणि उभं राहूनच ओढायला सांगितलं. दोरी आता ना समांतर होती, ना फार उभी. पेटी सरसर आली. ती म्हणाली, "बाई, थोडी वर धरली की सोपं जातं." मी म्हणाले, "नाही गं, आता तुम्ही नीट जोर लावलात म्हणून आली."

घरी गेल्यावर मला ते उत्तर टोचत राहिलं. मी न मोजता उत्तर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजलं, आणि ती मुलगी बरोबर निघाली. कसं ते सविस्तर पाहू या.

वर्गातली दोन मतं

दुसऱ्या दिवशी सहावी-सातवीच्या एकत्र वर्गात मी प्रश्न टाकला : पेटी कमीत कमी जोरात ओढायची तर दोरी कशी धरायची? वर्गाचे लगेच दोन गट पडले.

पहिला गट म्हणाला, समांतर. पेटी पुढे न्यायची आहे तर जोर पुढेच लावायचा. (माझंही हेच मत होतं.)

दुसरा गट म्हणाला, जितकी वर तितकं चांगलं. वर ओढलं की पेटी हलकी होते, जमिनीवर कमी टेकते, घर्षण कमी होतं.

गंमत अशी की दोन्ही गटांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोरी तिरकी धरली की एकाच ओढीचे दोन भाग होतात. एक भाग पेटीला पुढे ओढतो आणि दुसरा तिला किंचित उचलतो. पुढचा भाग कमी होणं हा तोटा, उचलणारा भाग मिळणं हा फायदा. प्रश्न एवढाच आहे की तोटा जास्त की फायदा. याचं उत्तर वादाने मिळत नाही, काट्याने मिळतं.

वर्गात केलेला प्रयोग

पूर्ण पेटीवर प्रयोग करणं मुलांना अवघड, म्हणून आम्ही तिचं छोटं रूप केलं.

साहित्य : एक लाकडी पाट, दोन विटा आणि थोडं सामान (पाटासह एकूण वजन ८ किलो), १० किलोचा स्प्रिंगचा ताणकाटा, सुतळी, फळ्यावर वापरतो तो मोठा कोनमापक, खडू.

कृती :

१. पाटाला पुढच्या बाजूला, अगदी खाली, सुतळी बांधा. तिच्या दुसऱ्या टोकाला ताणकाटा अडकवा.

२. एकाने काटा धरून हळूहळू, सारख्या वेगाने ओढायचं. दुसऱ्याने कोनमापक धरून सुतळी जमिनीशी किती अंशाचा कोन करते ते बघायचं. तिसऱ्याने काटा वाचायचा.

३. पाट हलायला लागेपर्यंत काटा वर चढत जातो आणि हलल्याबरोबर थोडा खाली येतो. आपण पाट सरकत असतानाचा आकडा घ्यायचा.

४. प्रत्येक कोनाला तीन वेळा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. जागा तीच ठेवायची, कारण फरशीचा एक भाग गुळगुळीत आणि दुसरा खडबडीत असू शकतो.

आमच्या वर्गाचे सरासरी आकडे असे आले :

| दोरीचा जमिनीशी कोन | काट्यावरचं वाचन |
|---|---|
| ०° (समांतर) | ४.० किलो |
| १५° | ३.६ किलो |
| ३०° | ३.६ किलो |
| ४५° | ३.८ किलो |
| ६०° | ४.४ किलो |

तक्ता फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग शांत झाला. समांतरवाले हरले होते. "जितकी वर तितकं चांगलं"वालेही हरले होते. सर्वांत कमी ओढ मध्ये कुठेतरी, १५ ते ३० अंशांच्या आसपास होती. मी कालच्या मुलीला उभं केलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "काल मी चुकले होते, तू बरोबर होतीस."

(काट्यावर 'किलो' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तेवढ्या किलोच्या वजनाइतकं बल. न्यूटनमध्ये हवं असेल तर ९.८ ने गुणा. वर्गात मी किलोच ठेवले, कारण मुलांना ते हाताला जाणवतात.)

असं का होतं?

आता पुन्हा आपल्या खऱ्या पेटीकडे येऊ. पुस्तकं थोडी थोडी काढून, काट्यावर तोलून आम्ही पेटीचं एकूण वजन काढलं. ते जवळजवळ ५० किलो भरलं. पाट आणि पेटी दोन्ही लाकडी, फरशीही तीच. प्रयोगात ८ किलोला समांतर ओढायला ४ किलो लागले, म्हणजे वजनाच्या निम्मे. या ०.५ ला घर्षण गुणांक म्हणतात. पेटीचा जमिनीवर जेवढा भार पडतो त्याच्या ०.५ पट घर्षण तिला अडवतं. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ अमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडला होता. तोच इथे पुरेसा आहे.

म्हणजे ५० किलोची पेटी समांतर ओढायला २५ किलोची ओढ हवी. आता ही २५ किलोची ओढ तशीच ठेवून फक्त दोरी तिरकी करू या.

दोरी १० अंश वर केली : पुढे ओढणारा भाग २४.६ किलो उरला. तोटा जेमतेम ०.४ किलो. पण पेटीला वर उचलणारा भाग मिळाला ४.३ किलो. आता जमिनीवर भार ५० ऐवजी ४५.७ किलो, म्हणून घर्षण २२.८ किलो. पुढची ओढ २४.६ आणि अडवणारं घर्षण २२.८. पेटी आरामात सरकते आणि जोर शिल्लक राहतो.

दोरी ६० अंश वर केली : पुढचा भाग निम्माच, १२.५ किलो. उचलणारा भाग २१.७ किलो, म्हणून भार २८.३ आणि घर्षण १४.२ किलो. पुढे १२.५, मागे १४.२. पेटी हलतच नाही.

यातच सगळं गुपित आहे. दोरी समांतर असताना ती जराशी उचलली तर पुढचा भाग जवळजवळ कमीच होत नाही, पण उचलणारा भाग मात्र लगेच मिळायला लागतो. म्हणून सुरुवातीचे काही अंश नेहमी फायद्याचे असतात. पुढे जाऊन तोटा वाढत जातो आणि एका कोनाला फायदा-तोटा बरोबरीत येतात. तोच सर्वोत्तम कोन.

दुसऱ्या गटाला मी आणखी एक प्रश्न विचारला : दोरी पूर्ण उभी, ९० अंश केली तर? घर्षण शून्य होईल हे खरं, पण मग पेटी उचलावीच लागेल आणि त्याला पूर्ण ५० किलो लागतील. मुलं हसली आणि त्यांना आपोआप कळलं की 'घर्षण कमी' म्हणजे 'ओढ कमी' असं नेहमी होत नाही.

सर्वोत्तम कोन पट्टीने काढणे

पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर त्रिकोणमितीने काढतात. पण सहावी-सातवीच्या मुलांना कागद, पट्टी आणि गुण्या एवढ्यावर ते काढता येतं. मला हा या पाठातला सर्वांत आवडता भाग वाटतो.

पेटीवर तीन बलं आहेत असं समजा : तिचं वजन (सरळ खाली), दोरीची ओढ आणि जमिनीने दिलेलं एकूण बल. जमीन पेटीला वर आधार देते आणि घर्षणाने मागेही खेचते. ही दोन्ही मिळून जमिनीचं एकच तिरकं बल होतं, वर आणि थोडं मागे झुकलेलं. पेटी सरकत असताना घर्षण आधाराच्या नेहमी निम्मं असतं, म्हणून या बलाचा झुकाव ठरलेला असतो. ओढ कशीही असली तरी ते बल लहानमोठं होईल, पण झुकाव बदलणार नाही.

सावकाश, एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या पेटीवर तिन्ही बलं एकमेकांना तोलून धरतात. म्हणजे ती एकापुढे एक काढली तर बंद त्रिकोण व्हायला हवा. आता काढू या. प्रमाण : १ सेंमी = ५ किलो.

१. उभी रेषा AB काढा, १० सेंमी लांब, A वर आणि B खाली. हे पेटीचं वजन, ५० किलो.

२. B पासून उजवीकडे ५ सेंमीवर (१० च्या निम्म्यावर) एक खूण करा. A आणि ती खूण जोडून रेषा काढा. हा जमिनीच्या बलाचा ठरलेला झुकाव. त्रिकोणाचा तिसरा बिंदू C याच रेषेवर कुठेतरी असायला हवा.

३. B पासून या तिरक्या रेषेपर्यंत जी रेषा काढाल ती दोरीची ओढ. तिची लांबी म्हणजे किती जोर, आणि तिची दिशा म्हणजे दोरीची दिशा.

B पासून आडवी रेषा काढली तर ती ५ सेंमी भरते, म्हणजे २५ किलो. ही समांतर ओढ. आता मुलांना विचारा : बिंदूपासून रेषेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर कोणतं? मुलं एका सुरात सांगतात, "लंब!" बस्स, B पासून तिरक्या रेषेवर गुण्याने लंब टाका. तो जवळजवळ ४.५ सेंमी भरतो. हिशेबाने ४.४७ सेंमी, म्हणजे २२.४ किलो. यापेक्षा कमी ओढीत ही पेटी या फरशीवर सरकूच शकत नाही, कारण लंबापेक्षा लहान रेषा काढताच येत नाही.

आता कोनमापकाने हा लंब आडव्या रेषेशी किती कोन करतो ते मोजा. साधारण २६.५ अंश येतो. आणि तिरकी रेषा उभ्या AB शी जेवढा कोन करते तोही नेमका तेवढाच असतो! दोन्ही रेषा काटकोनात वळवल्या की एक कोन दुसऱ्यावर बसतो.

म्हणून नियम असा : दोरी पुढे जितकी जाते त्याच्या घर्षण गुणांकाइतके पट ती वर जायला हवी. आपल्या फरशीवर गुणांक ०.५, म्हणजे दोन हात पुढे तर एक हात वर.

पेटीच्या वेगवेगळ्या कोनांना लागणारी ओढ हिशेबाने अशी येते :

| कोन | लागणारी ओढ |
|---|---|
| ०° | २५.० किलो |
| १०° | २३.३ किलो |
| २०° | २२.५ किलो |
| २६.६° | २२.४ किलो |
| ४०° | २३.० किलो |
| ५३° | २५.० किलो |
| ६०° | २६.८ किलो |

ज्यांना सूत्र हवं आहे त्यांच्यासाठी (W वजन, μ घर्षण गुणांक, θ दोरीचा कोन) :

F = μW / (cos θ + μ sin θ)

सर्वोत्तम कोनाला tan θ = μ, आणि तेव्हा F = μW / √(1 + μ²).

तक्त्यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, १५ पासून ४० अंशांपर्यंत ओढ तीन टक्क्यांच्या आतच बदलते. म्हणूनच आमच्या काट्याला १५ आणि ३० मधला फरक कळला नाही. त्यात मुलांचा काही दोष नव्हता. प्रत्यक्ष काम करताना अंश मोजत बसायची गरज नाही. दोन, ५३ अंशांना ओढ पुन्हा समांतर ओढीइतकीच होते. सर्वोत्तम कोनाच्या दुप्पट कोनाला नेहमी असंच होतं. त्यापलीकडे गेलात तर वाकून समांतर ओढलेलं बरं.

आणि इथेच मुलांची पहिली अडचण सुटते. त्यांची दोरी सुमारे ७० सेंमी होती. कडी २० सेंमीवर, हात ८० सेंमीवर, म्हणजे दोरी ६० सेंमी वर चढत होती. ७० सेंमी दोरीत ६० सेंमी चढ म्हणजे जवळजवळ ५९ अंश! चूक दोरी तिरकी असण्यात नव्हती, दोरी आखूड असण्यात होती. ६० सेंमी चढ हवा तर दोरी १२० सेंमी पुढे जायला हवी. त्यासाठी दोरीची लांबी लागते साधारण १३४ सेंमी. मुलीने दुसरी दोरी जोडून नकळत हेच केलं होतं.

घर्षण गुणांक काढण्याची दुसरी रीत : फरशी तिरकी करणे

वर आम्ही गुणांक काट्याने काढला (समांतर ओढ भागिले वजन). काटा नसेल तरी तो काढता येतो. शाळेच्या बांधकामातून उरलेला ६० सेंमी लांबीचा फरशीचा तुकडा आम्ही घेतला. त्यावर पाटाच्याच लाकडाचा ठोकळा ठेवला आणि फरशीचं एक टोक हळूहळू उचललं. हलक्या हाताने टकटक करत राहायचं. ठोकळा एकसारखा घसरायला लागला की थांबायचं. आमची फरशी तेव्हा एका टोकाला २७ सेंमी उचललेली होती आणि तिच्या सावलीसारखं आडवं अंतर ५४ सेंमीच्या जवळ होतं. २७ भागिले ५४, म्हणजे ०.५. काट्याने आलेलंच उत्तर!

आणि आता मजा बघा. फरशी ज्या कोनात तिरकी झाल्यावर ठोकळा घसरतो, नेमक्या त्याच कोनात दोरी धरायची असते. याला घर्षण कोन म्हणतात. तिरकी फरशी दोरीशेजारी धरून बघा, वेगळं मोजायचीही गरज नाही.

फरशी बदलली की कोन बदलतो. गुळगुळीत टाइल्सवर गुणांक ०.३ असेल तर सर्वोत्तम कोन १७ अंशांच्या आसपास येतो आणि समांतरपेक्षा फायदा फक्त ४ टक्के. खरखरीत कोब्यावर ०.८ असेल तर कोन जवळजवळ ३९ अंश आणि फायदा २२ टक्के. थोडक्यात, जमीन जितकी खडबडीत तितकी दोरी उंच धरा आणि तितका कोनाचा उपयोग जास्त.

पाय का घसरले?

वाकून ओढताना मुलांचे पाय घसरले होते, ते आठवा. त्याचंही उत्तर याच हिशेबात आहे. दोरी पेटीला वर उचलते तशीच ती ओढणाऱ्याला खाली दाबते. समजा माझं वजन ६० किलो. समांतर ओढताना फरशीने माझ्या पायांना २५ किलोची पकड द्यायला हवी, ६० किलो भारावर. म्हणजे चपलेचा गुणांक निदान ०.४२ हवा. सर्वोत्तम कोनात दोरीचा पुढचा भाग २० किलो आणि उभा भाग १० किलो असतो. मग पायांना २० किलो पकड पुरते आणि पायांवरचा भार ७० किलो होतो. लागणारा गुणांक ०.२९. म्हणजे हातांना वाचतात अडीच किलो, पण पायांना मिळणारा फायदा त्याहून कितीतरी मोठा. मुलांचं वजन तर आणखी कमी, म्हणून त्यांना हा फरक प्रकर्षाने जाणवतो. शिवाय उभं राहून ओढता येतं, कमरेला वाक येत नाही.

ढकलताना उलटं होतं

पेटीला मागून वाकून ढकललं की जोर तिरका खाली लागतो. तो पेटीला उचलण्याऐवजी आणखी दाबतो. २० अंश खालच्या दिशेने ढकललं तर आपल्या पेटीला ३२.५ किलो लागतात. त्याच कोनात वर ओढलं तर २२.५. चक्क दहा किलोंचा फरक! आणि जोर फारच उभा, या फरशीवर सुमारे ६३ अंशांच्या पुढे, खाली लागला तर कितीही ताकद लावा, पेटी हलतच नाही. कारण जोर वाढवला की घर्षण त्याहून जास्त वाढतं. फरशी पुसताना दांडा फार उभा धरला की पोछा जागेवरच अडतो, हा अनुभव घरी सगळ्यांना असतो. तिथून सुरुवात करा, मुलांना पटकन कळतं.

कुठे चूक होते?

पाठ घेताना आमच्याकडून झालेल्या आणि होऊ शकणाऱ्या चुका :

* हिसका देणे. हिसक्याने काट्याचा आकडा खूप वर जातो. तो घर्षणाचा नसतो. तीन वाचनांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक आला तर हिसका बसलाय असं समजा आणि पुन्हा मोजा.

* सुरुवातीचा आकडा आणि सरकतानाचा आकडा मिसळणे. थांबलेली पेटी हलवायला सरकत्या पेटीपेक्षा थोडं जास्त बल लागतं. आमची पेटी समांतर ओढताना २७ किलोला हलली आणि मग २५ वर सरकत राहिली. २७ भागिले ५० म्हणजे ०.५४, त्याचा कोन २८ अंशांच्या थोडा वर. कोनात फारसा फरक नाही, पण तक्त्यात एकाच प्रकारचे आकडे हवेत.

* दोरी उंचावर बांधणे. आपली पेटी बसकी आहे. पण ४० सेंमी जाडीच्या उंच कपाटाला छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधून ओढलं तर ते सरकण्याआधी तोंडावर पडेल. दोरी नेहमी खालीच बांधायची आणि मुलांनी कधीही कपाटाच्या पुढ्यात उभं राहून ओढायचं नाही. हे मुलांकडून वदवून घ्या.

* माती, वाळू किंवा सतरंजीवर हाच नियम लावणे. तिथे पेटीची कड रुतते किंवा सतरंजी गोळा होते. घर्षण भाराच्या प्रमाणात राहत नाही, म्हणून आपला त्रिकोणही चालत नाही. अशा ठिकाणी पुढची कड थोडी उचलली जाईल एवढी दोरी वर धरावी, पण आकडा हिशेबाने सांगता येत नाही.

घरी करून पाहण्यासाठी (पालकांच्या मदतीने)

१. एका बाटलीत पाणी भरून ती छोट्या खोक्यात ठेवा. खोक्याला रबर बांधून ओढा. काटा नसेल तर रबर किती सेंमी ताणला ते मोजा. कोन बदलत जा. रबर सर्वांत कमी कधी ताणतो?

२. खोक्याचाच पुठ्ठा तुमच्या घरच्या फरशीसारख्या टाइलच्या तुकड्यावर ठेवून टाइल तिरकी करा. उभं अंतर भागिले आडवं अंतर काढा. हे उत्तर आणि पहिल्या प्रयोगातला कोन जुळतो का?

३. वजन ४० किलो, गुणांक ०.७५. वरच्यासारखा त्रिकोण काढून कमीत कमी ओढ शोधा. (उत्तर : २४ किलो. दोरी चार हात पुढे तर तीन हात वर. समांतर ओढली तर ३० किलो लागतात.)

पेटी आता वर्गाच्या कोपऱ्यात आहे आणि तिच्या कडीला मुलांनी सव्वा मीटरपेक्षा थोडी लांब दोरी कायमची बांधून ठेवली आहे. दोरीवर त्या मुलीने चिठ्ठी चिकटवली आहे : "दोन हात पुढे, एक हात वर." तुमच्या शाळेच्या फरशीवर हा आकडा किती येतो ते मोजून नक्की कळवा.